युद्धबंदी की शस्त्रसंधी? ग्रीकांचा शब्द वेगळाच होता

प्रश्न : 'ऑलिंपिक ट्रूस'साठी मी एका लेखात 'युद्धबंदी' लिहिलं. मित्राचं म्हणणं, 'शस्त्रसंधी' हवं. यातलं बरोबर काय? मूळ ग्रीक शब्द कोणता आणि त्याचा अर्थ काय?

उत्तर : आजच्या ऑलिंपिकबद्दल लिहीत असाल तर 'शस्त्रसंधी' चालेल. प्राचीन ग्रीसबद्दल असेल तर दोन्ही शब्द वाचकाची दिशाभूल करतात. ('युद्धबंदी'ची आणखी एक अडचण म्हणजे 'ती' युद्धबंदी आणि 'तो' युद्धबंदी यांत लढाई थांबण्यापासून पकडलेल्या सैनिकापर्यंतचा फरक आहे. शीर्षकात लिंग कळत नाही.)

मूळ शब्द एकेखैरिया. त्यात 'एखो' म्हणजे धरणं आणि 'खैर' म्हणजे हात, असे दोन भाग आहेत. 'हात धरून ठेवणं', आपल्याकडचं 'हात आवरणं'. शब्द स्त्रीलिंगी असल्यामुळे ग्रीकांनी तिची बाईच केली. दुसऱ्या शतकात पावसानिआस हा प्रवासी ऑलिंपियाला गेला, तेव्हा झ्यूसच्या देवळाच्या दारापाशी त्याने एक पुतळा पाहिला : परंपरेनुसार ही प्रथा सुरू करणाऱ्या इफितोस राजाच्या डोक्यावर एकेखैरिया मुकुट ठेवते आहे. या इफितोसची थाळीही तिथे हेरा देवीच्या देवळात ठेवलेली होती. तिच्यावर एकेखैरियाचा मजकूर कोरलेला होता आणि अक्षरं सरळ ओळीत नसून थाळीच्या कडेने गोल फिरत होती.

आता हात कोणी आणि कशापासून आवरायचे? सगळी ग्रीक नगरराज्यं आपापली युद्धं थांबवत, असा समज सर्वत्र आहे. तसं होत नसे. एकेखैरियाचे मुद्दे मुख्यतः दोन. उत्सव भरवणाऱ्या एलिस राज्याच्या भूमीत कोणी हत्यार घेऊन शिरायचं नाही आणि उत्सवाला येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाटेत कोणी हात लावायचा नाही. बाकी कोण कुठे कोणाशी लढतं, याच्याशी देवाला कर्तव्य नव्हतं. इसवीसनपूर्व 428 मध्ये अथेन्स आणि स्पार्टा यांचं मोठं युद्ध ऐन भरात असताना ऑलिंपिक झालं. स्पार्टाच्याच सांगण्यावरून अथेन्सविरुद्ध उठलेल्या मितिलिनी या नगरराज्याचे दूत तिथे आले आणि खेळ आटोपल्यावर त्यांनी 'अथेन्सवर स्वारी करा' अशी विनंती केली. म्हणजे यात्रेतच पुढच्या मोहिमेची बोलणी.

हे अभय गावोगाव पोचवायला एलिसहून जासूद निघत. त्यांना 'स्पोंदोफोरोय' म्हणत. 'स्पोंदाय' म्हणजे देवापुढे ओतलेली मद्याची धार. करार ती धार ओतून पक्का व्हायचा, म्हणून त्याच शब्दाला 'तह' असा अर्थ आला. आपल्याकडे बेलभंडार उचलून दिलेल्या वचनासारखंच हे. मात्र जासुदांच्या या पद्धतीत एक फट होती : अभय सुरू कधी झालं? जासूद एलिसहून निघाला तेव्हा, की तुमच्या गावात येऊन ओरडला तेव्हा?

नेमक्या याच फटीवरून इसवीसनपूर्व 420 मध्ये रामायण घडलं. थ्युसिडिडीज या इतिहासकाराने ते बारकाईने नोंदवलं आहे. एलिस आणि स्पार्टा यांच्यात लेप्रिऑन नावाच्या गावावरून भांडण होतं. अभयाच्या काळात स्पार्टाने तिथे सैनिक धाडले, असा एलिसने आरोप ठेवला आणि ऑलिंपियाच्या कायद्यानुसार दंड ठोकला : दर सैनिकामागे दोन मिना, एकूण दोन हजार मिना. यावरून सैनिक एक हजार होते, हे कळतं. एक मिना म्हणजे शंभर द्राख्मा आणि त्या काळी अथेन्समध्ये चांगल्या कारागिराची रोजची मजुरी साधारण एक द्राख्मा. म्हणजे दोन लाख दिवसांची मजुरी.

स्पार्टाचं उत्तर असं : आम्ही सैन्य पाठवलं तेव्हा आमच्याकडे अभयाची दवंडी पिटलीच नव्हती. एलिसचं उत्तर : आमच्याकडे ते सुरू झालं होतं, कारण दवंडी आधी आम्ही आमच्या घरीच देतो. कोर्टात तारखेवरून वाद घालणाऱ्या वकिलांना हे ऐकून घरच्यासारखं वाटेल. एलिसने मग तडजोडही सुचवली. लेप्रिऑन परत द्या, दंडातला आमचा वाटा आम्ही सोडतो आणि देवाचा वाटा तुमच्या वतीने आम्हीच भरतो. स्पार्टाने नाकारलं. बरं, निदान झ्यूसच्या वेदीसमोर 'पुढे भरू' अशी शपथ घ्या. तेही नाही. मग एलिसने स्पार्टाला देऊळ, यज्ञ आणि खेळ तिन्ही बंद केले.

पण ग्रीसमधलं सर्वांत भयंकर पायदळ चिडून चालून आलं तर? एलिसने आपल्या तरुणांचा हत्यारबंद पहारा बसवला. आर्गोस आणि मांतिनिया या मित्रराज्यांनी प्रत्येकी हजार माणसं दिली आणि अथेन्सचे घोडेस्वार जवळच तळ देऊन बसले. ज्या उत्सवाच्या नावात 'हात आवरा' आहे, तो भाल्यांच्या गराड्यात पार पडला! म्हणूनच 'युद्धबंदी' हा शब्द इथे मला हास्यास्पद वाटतो.

त्यातच लिखसचा प्रसंग घडला. हा स्पार्टाचा श्रीमंत माणूस. बंदीमुळे त्याने आपला रथ बिओशियाच्या लोकांच्या नावे उतरवला होता आणि तो रथ जिंकला. ऑलिंपियातलं बक्षीस म्हणजे रानऑलिव्हच्या डहाळीचा मुकुट, त्याची बाजारात किंमत शून्य. (पैसा मिळायचा तो आपल्या गावात. अथेन्समध्ये सोलोनच्या कायद्याने ऑलिंपिक विजेत्याला 500 द्राख्मा मिळत.) मैदानावरची खरी कमाई ही की दवंडीवाला सगळ्या ग्रीसच्या देखत तुमचं नाव आणि तुमच्या गावाचं नाव पुकारतो. रथाच्या शर्यतीत तो मान सारथ्याचा नव्हे, मालकाचा. पुकारा झाला बिओशियाचा. लिखसला राहवलं नाही. तो मैदानात उतरला आणि रथ कोणाचा हे कळावं म्हणून त्याने सारथ्याच्या डोक्याला आपल्या हाताने विजयाची पट्टी बांधली. काठीधारी पंचसेवकांनी त्याला तिथेच बडवलं. स्पार्टाने हा मार वीसेक वर्षं लक्षात ठेवला. अथेन्सचं युद्ध संपवून मोकळा झाल्यावर त्याने एलिसवर सैन्य काढलं, तेव्हा तक्रारींच्या यादीत लिखसची काठी होतीच.

आता मराठी शब्दाकडे. मला पहिल्यांदा 'कौल' सुचला. मराठेशाहीत व्यापाऱ्याला, रयतेला 'या, तुम्हाला उपद्रव होणार नाही' असं लिहून देत तो कौल. एकेखैरियाचा अर्थ जवळजवळ हाच. शिवाय कोकणात आणि गोव्यात कौल देवाकडून घेतात, म्हणजे देवाचा धागाही जुळतो. पण आजच्या वाचकाला 'ऑलिंपिक कौल' म्हटलं की मतदारांचा कौल आठवेल, नाहीतर घरावरचं कौल. म्हणून मी 'अभय' घेतो आणि मुदत दाखवायची असेल तिथे 'अभयकाळ'. वाक्य करून पाहा : 'अभयकाळात एलिसमध्ये सैन्य शिरलं.' गुन्हा काय झाला, हे वेगळं समजवावं लागत नाही. 'युद्धबंदीच्या काळात सैन्य शिरलं' म्हटलं की वाचक विचारतो, मग एरवीची युद्धं कशी चालू होती?

मित्राच्या शब्दाला जागा आहे ती इथे : 1993 पासून संयुक्त राष्ट्रसंघाची आमसभा ऑलिंपिकच्या निमित्ताने ठराव करत आली आहे. खेळ सुरू होण्याच्या सात दिवस आधीपासून संपल्यावर सात दिवसांपर्यंत लढाया थांबवा, असं आवाहन त्यात असतं. तिथे खरोखर लढाई थांबवायला सांगितलेलं असतं, म्हणून 'शस्त्रसंधी' किंवा 'युद्धविराम' बिनदिक्कत लिहा. तुमच्या लेखात दोन्ही काळ असतील तर शब्दही दोन ठेवा.