हरलो तरी कंपनीचेच पैसे?

«ताई, माझा रूम पार्टनर क्रिकेटवर पैसे लावतो. म्हणतो, पाच हजार भरले की वर पाच हजार फुकट मिळतात, हरलो तरी कंपनीचेच जाणार. मला यात गडबड वाटते, पण नेमकी कुठे ते सांगता येत नाही. तो हुशार आहे, उपदेश केला की हसतो. त्याला कसं समजावू?»

गडबड अटींमध्ये असते आणि ती कागदावर मांडता येते. अशीच एक जोडी माझ्याकडे आली होती. दोघंही इंदूरला भंवरकुआंच्या बाजूला खोली घेऊन राहणारे, एकाच कॉलेजचे. खेळणाऱ्याला आपण निखिल म्हणू. त्याला ओढत आणणारा मित्र आकडेमोडीत पक्का होता, त्यामुळे माझं काम बरंच सोपं झालं.

मी निखिलला विचारलं, सुरुवातीला किती लावायचे ठरवले होतेस? म्हणाला, पाचशे. मग पाच हजार कसे भरलेस? त्याने फोनवर पैसे भरायचं पान उघडून दाखवलं. पाचशे, हजार आणि पाच हजार अशी तीन बटणं. पाच हजारांचं आधीच निवडलेलं, त्यावर ‘सर्वाधिक बोनस’ अशी पट्टी. खाली बारीक अक्षरात लिहिलेलं, की जितके भराल तितकाच बोनस, जास्तीत जास्त पाच हजार, आणि तोही फक्त पहिल्या भरण्यावर. म्हणजे पाचशे भरले असते तर साडेचार हजारांचा बोनस कायमचा गेला, असं वाटलं असतं. जे कधी त्याचं नव्हतंच ते गमावू नये म्हणून त्याने मेसचे पैसे घातले. पहिल्या भरण्याची रक्कम दसपट झाली, तीही एकही मॅच सुरू होण्याआधी. ऑफरचं पहिलं काम एवढंच असतं.

मग अटी वाचल्या. भरलेले आणि बोनस मिळून दहा हजार, त्याच्या दहापट रकमेच्या पैजा लावल्याशिवाय बोनस काढता येणार नाही. याला रोलओव्हर म्हणतात. मुदत पंधरा दिवस आणि 1.80 पेक्षा कमी भावाची पैज मोजणार नाहीत; भाव म्हणजे जिंकलास तर लावलेल्या रकमेच्या किती पट हातात येतात ते. मित्राने हिशेब केला: एक लाखाच्या पैजा, म्हणजे दिवसाला साडेसहा हजारांच्या वर. पाचशे रुपयांत गंमत करायला निघालेल्या मुलाला हा कार्यक्रम लावून दिलेला.

आता त्या लाखातून साइट काय खाते ते बघ. दोन तुल्यबळ संघ असले तर खरा भाव दोन्हीकडे 2.00 हवा. पण साइट दोन्हीकडे 1.90 देते. एकाने या बाजूला शंभर लावले, दुसऱ्याने त्या बाजूला शंभर. दोनशे जमा झाले, जिंकणाऱ्याला एकशे नव्वद मिळाले, दहा साइटचे. म्हणजे दर शंभराला पाच. लाखाला पाच हजार. बोनस पाच हजारांचा आणि तो सोडवण्याचा सरासरी खर्चही पाच हजारांचा! मित्राने हे कागदावर लिहिलं तेव्हा निखिल पहिल्यांदा गप्प झाला. अर्थात लगेच म्हणाला, “पण मी जिंकलो असतो तर?” जिंकणारे असतात, मी नाही म्हणत नाही. पण मुदत गाठायला एकेक पैज हजार-दोन हजारांची करावी लागते आणि मोठ्या पैजांमध्ये चार-पाच उलटे निकाल लागोपाठ आले की खातं रिकामं. लाखाचा पल्ला गाठण्याआधीच बरेच जण संपतात.

खरा घाव आणखी एका ओळीत होता. पैज लावताना आधी खातेदाराची रक्कम वापरली जाईल, ती संपली की बोनस. म्हणजे ‘हरलो तरी कंपनीचेच’ हे बरोबर उलटं. पहिले पाच हजार जातात ते मेसचे. तुझ्या पार्टनरला ही एक ओळ त्याच्याच फोनवर शोधायला सांग, बाकी काही बोलू नकोस. सगळ्या साइटवर अट अगदी अशीच नसेल, पण पैसे कोणत्या क्रमाने वापरले जातात हे कुठेतरी लिहिलेलं असतं.

निखिलचे स्वतःचे पैसे नवव्या दिवशी संपले. थोडा बोनस उरला होता आणि स्क्रीनवर एक हिरवी पट्टी सांगत होती की 41 टक्के रोलओव्हर पूर्ण. पैसे काढायचं बटण करडं पडलेलं. त्याच संध्याकाळी मेसेज आला: आज तीन हजार भरा, 50 टक्के जादा मिळवा. त्याने भरले. पट्टी वाया जाऊ नये म्हणून! पुढे आणखी दोन हजार. एकूण दहा हजार गेले, हातात काही आलं नाही. नशीबही त्याचं जरा वाईट होतं, तेवढ्या पैजांवर सरासरीने याहून बरंच कमी गेलं असतं. पण मी त्याला बँकेचं स्टेटमेंट आणि मेसेज शेजारी ठेवायला लावले, तेव्हा पैसे भरल्याच्या प्रत्येक नोंदीआधी एक ऑफर होती.

मधे एकदा पाचशेची ‘फ्री बेट’ही मिळाली होती. 1.90 भावाला जिंकला. साध्या पैजेत साडेनऊशे आले असते, आले साडेचारशे, कारण फ्री बेटमध्ये लावलेली रक्कम परत देत नाहीत. निम्म्या वेळा जिंकलास तरी पाचशेच्या कुपनाची खरी किंमत सव्वादोनशे. प्रामाणिकपणे सांगायचं तर एकटी बघितली तर अशी एखादी पैज खेळणाऱ्याच्या फायद्याची असू शकते. साइटलाही ते माहीत असतं. तो तिचा गिऱ्हाईक आणण्याचा खर्च आहे आणि तो वसूल होतो दुसऱ्या, तिसऱ्या भरण्यातून. फक्त ऑफर उचलून निघून जाणाऱ्यासाठी ‘बोनसचा गैरवापर’ हे कलम ठेवलेलंच असतं: त्याखाली खातं बंद करता येतं. ब्रिटनमध्ये जुगाराला परवाना आहे, तरी तिथल्या गॅम्बलिंग कमिशनने 2025 मध्ये रोलओव्हरवर दहापटीची मर्यादा घालायचं जाहीर केलं. त्याआधी याहून मोठे आकडे सर्रास असत.

आपल्याकडे तर 2025 च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून खेळवणं, त्याची जाहिरात आणि त्याचे बँक व्यवहार, तिन्हींवर बंदी आहे. खेळणाऱ्याला त्यात शिक्षा नाही, तेव्हा पार्टनरला पोलिसांची भीती घालू नकोस. पण आजही अशा ऑफर देणाऱ्या साइटने पैसे अडवले तर दाद मागायला हाताशी कोणी नाही. निखिलच्या स्टेटमेंटमध्ये यूपीआयवर दर वेळी वेगळंच नाव होतं, कधी कुठलं ट्रेडर्स, कधी एखाद्या माणसाचं. अशा खात्यांतून पैसे परत आले आणि त्या खात्यावर सायबर तक्रार असली, तर आपलंही खातं गोठू शकतं.

त्या दिवशी आम्ही तीन गोष्टी केल्या. साइटचे मेसेज आणि नोटिफिकेशन बंद केले, नंबर ब्लॉक केले आणि बँकेच्या ॲपमध्ये यूपीआयची रोजची मर्यादा मेसच्या गरजेपुरती खाली आणली. उरलेल्या बोनसचं काय, हे निखिल दोनदा विचारत होता. तो सोडून दे म्हटलं, तो सोडवायला अजून पैसे मागतील. त्याला हे जड गेलं, दहा हजारांपेक्षाही जड.

तुझा पार्टनर हिशेब बघून थांबला तर ठीक. पण हिशेब पटूनही रात्री पुन्हा भरत असेल, फीचे पैसे वळवत असेल, तुझ्याकडे उसने मागून कारण खोटं सांगत असेल, तर कागद-पेन्सिलीने भागणार नाही. उसने देऊ नकोस. 14416 हा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा मोफत नंबर त्याला दे, पहिला फोन लावताना शेजारी बस. आणि घरी सांगायची वेळ आली तर त्यानेच सांगावं, तू सोबत जा.