दुपारी निघून अंधाराआधी ट्रेक किती लांबचा करावा?

प्रश्न: डिसेंबरात इंदूरहून चोरलकडच्या दरीत उतरायचंय, दुपारी सव्वाला चालायला लागलो तर किती आत जाता येईल?

उत्तर: अरे, हिशोब उलटा धर. डिसेंबरात आपल्या इंदूरला सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो, पण दरीत डोंगराआड ऊन बरंच आधी जातं, म्हणून वर गाडीपाशी पावणेपाचलाच पोचायचं, तो शेवटचा तास वाट चुकली, पाय मुरगळला यासाठी राखीव. मग राहिले साडेतीन तास, त्यातला एक तास खाली जेवण-आराम, म्हणजे चालायला अडीच.

आता हे अर्धं-अर्धं वाटू नको, इथंच लोक फसतात, कारण इथे आधी उतार आणि दमल्यावर चढ. दगडी वाटेवर ग्रुप उतरताना तासाला तीनेक किमी जातो, चढताना दोनच. म्हणजे उतरायला एक तास, चढायला दीड, एकूण तीन किमी आत, बस. सव्वादोनला जिथं असाल तिथंच थांबा, धबधबा समोर दिसत असला तरी, आणि सव्वातीनला काहीही करून चढायला लागा. ग्रुपमधे सगळ्यात हळू चालणाऱ्याचा स्पीड धर हं, तुझा नाही.