खानावळीची पोस्ट आईच्या बोलीत कशी आणावी?

प्रश्न: फोंड्यातल्या आमच्या खानावळीची पोस्ट एआयकडून लिहून घेतली, पण ती आई बोलतेय असं वाटत नाही. काय बदलू?

उत्तर: आधी क्रियापदं बदला, विशेषणं मग आपोआप गळतात. ‘अस्सल गोमंतकीय चवीचा अविस्मरणीय अनुभव प्रदान केला जातो’ यात रांधणारं माणूसच दिसत नाही. मसुदा बाजूला ठेवा, आईला ‘आज काय केलंय?’ विचारा आणि फोनवर रेकॉर्ड करा. ‘बांगड्याचं हुमण केलंय, तिरफळं घालून. दोनच्या आत या, मग संपतं,’ असं ती म्हणाली तर पोस्टची सुरुवात तिथूनच. गावच्या जत्रेची पत्रकं मी अशीच सुधारतो. मात्र ती बोलत नसेल असा कोंकणी शब्द शोभेला घालू नका. गिऱ्हाईक लगेच ओळखतं.