डीपीवर संस्थेचं बोधचिन्ह आणि गावच्या ग्रुपवर उत्तर

प्रश्न: फोंडा तालुक्यातल्या एका पतसंस्थेत मी व्यवस्थापक आहे, 26 कर्मचारी आहेत. ‘कर्मचाऱ्यांनी सोशल मीडियावर संस्थेविषयी काहीही लिहू नये’ असा एका ओळीचा ठराव घ्या, असं संचालक म्हणतात. एवढं पुरेल का? की प्रत्येकाला प्रोफाइलवर ‘मतं वैयक्तिक आहेत’ असं लिहायला लावू?

उत्तर:

तो ठराव घेऊ नका. ‘काहीही’ म्हटलं की वर्धापनदिनाचा फोटो शेअर करणाऱ्यानेही नियम मोडला असं होतं. असा नियम सगळेच मोडतात आणि कारवाई मात्र नावडत्या माणसावर होते. अंतर्गत चौकशी लागली की तो माणूस बाकीच्यांचे स्क्रीनशॉट पुढे ठेवतो, आणि त्याचं बरोबरच असतं.

‘मतं वैयक्तिक’ ही ओळ का अपुरी पडते हे मी डोळ्यांनी पाहिलंय. एका पतसंस्थेच्या प्रशासनात मी बरीच वर्षं काढली. एकदा चवथीच्या आदल्या आठवड्यात, लोक माटोळीच्या सामानासाठी आणि खरेदीसाठी पैसे काढायला येत असताना, दुपारी सर्व्हर बसला. संध्याकाळपर्यंत गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘तिथे पैसे मिळत नाहीत’ असं फिरू लागलं. पतसंस्थेच्या ठेवींना बँकेसारखं ठेव विम्याचं 5 लाखांचं कवच नसतं, त्यामुळे अशी अफवा आमच्याकडे लवकर पेटते. आमच्या रोखपालाला राहवलं नाही. त्याने लिहिलं: ‘काळजी करू नका, सगळं ठीक आहे, उद्या 10 वाजेपर्यंत सर्वांना पैसे मिळतील.’

दुसऱ्या दिवशी 10 वाजता सर्व्हर बंदच होता. काउंटरवर लोक मोबाईल पुढे धरून उभे होते. ‘तुमच्याच माणसाने लिहिलंय ना?’

खातं त्याचं स्वतःचं होतं, नंबर त्याचा, वेळ ड्युटीनंतरची. तरी ते निवेदन संस्थेचंच ठरलं. गावात तो संस्थेचा माणूस म्हणून ओळखला जातो, विषय संस्थेच्या व्यवहाराचा होता आणि त्याने संस्थेच्या वतीने वेळ देऊन शब्द दिला होता. फेसबुक प्रोफाइलवर काय लिहिलंय हे व्हॉट्सॲपवर कोण बघतो? स्क्रीनशॉटमध्ये तर नाव आणि तेवढा मेसेजच जातो. म्हणून धोरणात कसोटी खात्याची ठेवू नका. वाचणाऱ्याला हे संस्था बोलतेय असं वाटेल का, ही ठेवा.

अध्यक्षांना त्याला मेमो द्यायचा होता. मी विरोध केला. काय लिहायचं नाही हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं, आणि त्या संध्याकाळी संस्थेकडून अधिकृत असा एक शब्दही बाहेर गेला नव्हता. गप्प बसायला सांगायचं असेल, तर बोलणारं कोणीतरी हवं. आम्ही नंतर दोन गोष्टी एकत्रच लागू केल्या. कर्मचाऱ्यांना एक तयार उत्तर दिलं: ‘मी तिथे नोकरीला आहे, पण संस्थेच्या वतीने बोलू शकत नाही. अधिकृत माहिती संस्थेच्या पानावर येईल, कार्यालयाचा नंबर हा.’ आणि व्यवस्थापक व सचिव या दोघांनाच निवेदनाचा अधिकार दिला, त्यांच्यावर बंधन असं की अशी तक्रार कानावर आल्यापासून तासाभरात पानावर दोन ओळी पडल्याच पाहिजेत. कारण माहीत नसेल तर तेवढंच लिहायचं: ‘सर्व्हर बंद आहे, दुरुस्ती सुरू आहे, पुढची माहिती 7 वाजता.’ दुसरा भाग पाळला नाही तर पहिला टिकत नाही. तासभर कोणी बोललं नाही की कुणीतरी रोखपाल पुन्हा लिहितोच.

आता उलटी बाजू. त्याच वर्षी आमच्या एका शाखाधिकाऱ्याने मराठीला राजभाषेचा दर्जा मिळावा म्हणून फेसबुकवर लांबलचक पोस्ट लिहिली. 1987 च्या राजभाषा कायद्यापासून हा वाद गोव्यात अजून जिवंत आहे हे तुम्हाला सांगायला नको. आमचे ठेवीदार दोन्ही बाजूंचे, त्यामुळे एका संचालकांकडे फोन गेला आणि पोस्ट काढायला लावा असा आग्रह सुरू झाला.

पोस्टमध्ये संस्थेचा उल्लेख नव्हता. मजकूर पूर्णपणे त्याचा होता, नागरिक म्हणून तो मांडायचा त्याला हक्क आहे. मग लोकांना ती संस्थेची का वाटली? त्याचा डीपी संस्थेच्या बोधचिन्हाचा होता. आणि तो वर्धापनदिनाच्या वेळी आम्हीच सगळ्यांना लावायला सांगितला होता! त्याने स्वतःचा फोटो लावला, पोस्ट जशीच्या तशी राहिली, फोन थांबले. तेव्हापासून बोधचिन्ह फक्त संस्थेच्या पानावर. कोणाच्या खाजगी खात्यावर नाही, अध्यक्षांच्याही नाही. अध्यक्ष स्वतःच्या खात्यावरून व्याजदर जाहीर करत असतील, तर रोखपालाला कोणत्या तोंडाने अडवणार?

बरेच जण इथे सरकारी नियम उतरवून काढतात. केंद्राच्या 1964 च्या वर्तणूक नियमांतला नववा नियम, सरकारवर टीका नको सांगणारा, तो ‘संस्थेवर टीका नको’ असा करून चिकटवतात. तो सरकारी नोकरांसाठी आहे, तुमच्यासाठी नाही. आणि तिथेसुद्धा त्रिपुरा उच्च न्यायालयाने 2020 मध्ये म्हटलंय की सरकारी नोकरीत आला म्हणून माणसाचं अभिव्यक्तिस्वातंत्र्य संपत नाही. पगार उशिरा झाला, बदली अन्यायाची वाटली, असं कोणी स्वतःच्या नावाने लिहिलं तर ते संस्थेचं निवेदन होत नाही. झोंबेल, पण त्यावर ‘वतीने बोलला’ हे कलम लावू नका. खोटा आरोप असेल तर तो वेगळा विषय, वेगळ्या कलमाखाली.

मात्र एक गोष्ट कोणत्याही खात्यावरून चालत नाही. ठेवीदाराचं नाव, शिल्लक, थकबाकी, काउंटरवरचा असा फोटो ज्यात पासबुक दिसतंय. इथे वैयक्तिक की अधिकृत हा प्रश्नच येत नाही. हे वेगळं कलम ठेवा आणि त्यात सवलत ठेवू नका.

तसंच, कर्मचारी स्वतःच्या खात्यावर ‘ही ठेव योजना उत्तम आहे’ असं लिहीत असेल तर त्याने नोकरीचं नातं उघड सांगावं. जाहिरात मानक परिषदेच्या 2021 च्या मार्गदर्शनात आर्थिक लाभाबरोबर नोकरीचं नातंही उघड करायच्या संबंधांत धरलंय. गुगलवर स्वतःच्याच शाखेला पाच तारे द्यायला सांगणं तर बंदच करा.

शेवटी पानाची किल्ली. तुमचं फेसबुक पान कोणाच्या खाजगी मोबाईलवरून चालतं ते आजच बघा. ॲपमध्ये पानाच्या नावाने गेलेला माणूस परत स्वतःच्या नावावर यायला विसरतो आणि मित्राच्या राजकीय पोस्टवर संस्थेच्या नावाने कमेंट पडते. हे आमच्याकडे घडलंय, आणि त्यात कोणाचीही लबाडी नव्हती. पान कार्यालयाच्याच संगणकावरून चालवा, ॲडमिन किमान दोघे ठेवा, आणि कोणी नोकरी सोडली की चाव्या परत घेता तसा त्याच दिवशी त्याचा प्रवेश काढा.

मसुदा मंडळापुढे नेण्याआधी काउंटरवरच्या दोघा-तिघांना वाचायला द्या. ‘मग माझ्या वाड्याच्या ग्रुपवर कोणी विचारलं तर मी काय लिहू?’ असे प्रश्न तेच विचारतील. ज्याचं उत्तर मसुद्यात सापडत नाही तो इथे टाका, मी बघतो.