आईचे मांडे आणि आरशातला तारा

प्रश्न : हर्पिसच्या मेंदूज्वरानंतर आईला पाच मिनिटांपूर्वीचे आठवत नाही, पण खापरावरचे मांडे ती आजही पूर्वीसारखे करते. म्हणजे स्मृती दोन वेगळ्या प्रकारची असते, हे यावरून सिद्ध होते का?

एवढ्यावरून होत नाही. आपल्या खानदेशात सराईत हातांनी मांडा मनगटावर झेलत पातळ होत जाताना मी लहानपणापासून पाहिला आहे. ते कौशल्य किती नाजूक असते याची मला कल्पना आहे, परंतु तुमच्या आई ते आजारापूर्वीच शिकल्या होत्या. त्यांना माहेरचे घर आणि लग्नातले पाहुणेही बहुधा आठवत असतील. मेंदूच्या टेम्पोरल लोबच्या, म्हणजे कानशिलाजवळच्या भागाच्या, आतल्या बाजूला, हिप्पोकॅम्पस नावाच्या रचनेच्या परिसरात, इजा झाली की मुख्यतः नव्या आठवणी तयार होणे थांबते आणि फार जुन्या आठवणी बऱ्याच अंशी टिकतात. त्यामुळे मांडे टिकले याचा अर्थ कौशल्याची स्मृती वेगळी आहे असा घेता येतो, तसाच ती केवळ जुनी आहे असाही घेता येतो. खरा प्रश्न असा आहे की, इजेनंतर एखादे नवे कौशल्य शिकता येते का?

याचे उत्तर हेन्री मोलेसन या रुग्णाकडून मिळाले. त्यांचे निधन 2008 मध्ये झाले आणि तोवर शास्त्रीय लेखनात त्यांचा उल्लेख ‘एच. एम.’ असाच होत असे. अपस्मार आटोक्यात यावा म्हणून 1953 मध्ये, वयाच्या 27व्या वर्षी, त्यांच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा हा भाग शस्त्रक्रियेने काढण्यात आला. मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर यांनी त्यांना आरशात पाहून तारा काढायला दिला. मी महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवतो आणि आमच्या प्रात्यक्षिकात हाच प्रयोग असतो, म्हणून तो जरा सविस्तर सांगतो. कागदावर एकात एक असे दोन तारे छापलेले असतात आणि दोन रेषांमधल्या चिंचोळ्या पट्टीतून पेन्सिल न्यायची असते. पत्र्याच्या आडोशामुळे स्वतःचा हात दिसत नाही, समोरच्या आरशातले प्रतिबिंबच दिसते. कोपऱ्यावर पोहोचलेली पेन्सिल वळवायची तिकडे न वळता भलतीकडेच सरकते, आणि चांगले चित्र काढणारी मुलेसुद्धा तिथे हताश होतात. पेन्सिल जितक्या वेळा रेषेबाहेर जाईल तितक्या चुका धरल्या जातात.

एच. एम. यांनी हे रोज दहा वेळा, असे तीन दिवस केले. पहिल्या दिवशी त्यांच्या चुका भराभर कमी झाल्या. दुसऱ्या दिवशी त्यांची सुरुवात पुन्हा पहिल्यापासून न होता आदल्या दिवशीच्या प्रगतीपासून झाली आणि तिसऱ्या दिवशी चुका अगदी थोड्या उरल्या. मात्र हे काम आपण यापूर्वी केले आहे हेच त्यांना दर वेळी ठाऊक नसे. काम कठीण जाईल असे वाटले होते, पण ते बरे जमले, याचे त्यांना स्वतःलाच नवल वाटले.

यावर कोणी म्हणेल की, हे हातापुरते खरे असेल. ही शंका 1980 मध्ये कोहेन आणि स्क्वायर या संशोधकांनी दूर केली. त्यांनी स्मृतिलोप झालेल्या रुग्णांना आरशातल्यासारखे उलटे छापलेले शब्द तीन-तीनच्या गटाने वाचायला दिले. नवे शब्द उलटे वाचण्याचा वेग रुग्णांमध्ये निरोगी माणसांइतकाच वाढला आणि तीन महिन्यांनंतरही टिकून होता. काही गट पुन्हा पुन्हा दिले जात होते. निरोगी माणसे ते शब्द ओळखून आणखी वेगाने वाचत, रुग्णांना तेवढा लाभ मिळत नव्हता. एकाच कामात ‘कसे वाचायचे’ हे शिकले गेले आणि ‘काय वाचले’ ते निसटले. पहिलीला प्रक्रियात्मक स्मृती म्हणतात आणि दुसरीला, जी शब्दांत सांगता येते, विधानात्मक.

एक आक्षेप तरीही उरतो : कौशल्य शिकणे मुळातच सोपे असेल, म्हणून दुबळ्या स्मृतीलाही ते जमत असेल. त्यासाठी उलटे उदाहरण लागते, आणि ते 1996 मध्ये कंपवाताच्या, म्हणजे पार्किन्सनच्या, रुग्णांमध्ये मिळाले. समोरच्या पत्त्यांवरून पाऊस पडेल की ऊन, याचा अंदाज सरावाने बांधायचा होता. स्मृतिलोप झालेल्या रुग्णांना तो सुरुवातीच्या पन्नास प्रयत्नांत निरोगी माणसांसारखाच जमू लागला, पण चाचणीत काय काय झाले ते त्यांना सांगता येईना. कंपवाताच्या रुग्णांना चाचणी नीट आठवत होती, पण अंदाज सुधारत नव्हता.

आता तुमच्या आईंविषयी. त्यांच्याकडून नवे काम करून घ्यायचे झाल्यास पुढची गोष्ट उपयोगी पडेल. 2005 मध्ये मेंदूज्वराने असाच स्मृतिलोप झालेल्या दोन रुग्णांना वस्तूंच्या आठ जोड्यांपैकी प्रत्येक जोडीतली योग्य वस्तू निवडायला शिकवले गेले. निरोगी माणूस हे थोड्या बैठकांत शिकतो, त्यांना कित्येक आठवडे लागले. शेवटी त्यांना ते जमू लागले. मग त्याच सोळा वस्तू एकत्र मांडून योग्य त्या वेगळ्या काढायला सांगितले, तेव्हा ते अडले. सवयीने शिकलेले ज्या मांडणीत शिकले त्या मांडणीलाच चिकटून राहते. म्हणून नवी शेगडी शिकवायची असेल तर ती एकाच जागी ठेवा, रोज त्याच क्रमाने हात फिरू द्या, आणि ‘काल सांगितले होते ना’ असे विचारू नका, कारण कालचा दिवस त्यांच्या हाताला ठाऊक असला तरी त्यांना तो ठाऊक नसतो.