क्लॅटमध्ये लीगलच्या प्रश्नात अंदाज कधी मारावा?

प्रश्न: क्लॅटला निगेटिव्ह मार्किंग आहे, मग लीगल रीझनिंगमध्ये दोन पर्यायांत अडकल्यावर अंदाज मारू की सोडून देऊ?

उत्तर: मारा. बरोबर उत्तराला 1, चुकीला वजा 0.25. दोनच पर्याय उरले तर सरासरी 0.375 गुण पदरात पडतो. चारांतून डोळे मिटून निवडलं तर जेमतेम 0.06, म्हणून एकही पर्याय खोडता येत नसेल तर त्या प्रश्नावर वेळ घालवू नका.

खरी मेख पर्याय नेमके खोडण्यात आहे. समजा नियम असा: 'जाणूनबुजून, परवानगीशिवाय दुसऱ्याच्या जमिनीत शिरणं म्हणजे अतिक्रमण.' अंधारात एकजण स्वतःचं शेत समजून शेजाऱ्याच्या शेतात शिरला. 'कुंपण मोडलं म्हणून दोषी' खोडा, कुंपणाचा उल्लेखच नाही. 'नुकसान झालं नाही म्हणून निर्दोष' हेही खोडा, नियमात नुकसानीची अट नाही. उरले दोन: 'परवानगी नव्हती म्हणून दोषी' आणि 'जाणूनबुजून नाही म्हणून निर्दोष'. उतारा 'जाणूनबुजून'चा खुलासा करत असेल तर तोच निकाल देईल. नसेल तर जवळचा वाटेल तो निवडा आणि पुढे चला.

मात्र 'प्रत्यक्षात कायदा असा नाही' म्हणून पर्याय खोडलात तर हे गणित कोसळतं, कारण उत्तर दिलेल्या नियमावरूनच ठरतं आणि अशाने बरोबर उत्तरच बाहेर गेलेलं असू शकतं. (कायद्याचं थोडंफार वाचलेल्यांचा घात इथेच होतो.)