नडगीवर ‘ताण’ येत नाही, नडगी पिचते

प्रश्न : मी शाळेत ॲथलेटिक्स शिकवतो. आठवीतल्या एका मुलीच्या नडगीत स्ट्रेस फ्रॅक्चर निघालंय. पालकांना पत्रात ‘नडगीवर ताण आल्यामुळे विश्रांती आवश्यक’ असं लिहिलं, तर ते म्हणतात, ताणच ना, तेल लावून शेकतो, रविवारी पळेल. ‘स्ट्रेस’ला दुसरा शब्द आहे का?

पालकांचं काही चुकलेलं नाही, चुकला तो शब्द. हल्ली परीक्षेचा ताण, ऑफिसचा ताण, सासूचा ताण, सगळीकडे ताणच ऐकू येतो. तो चोळून किंवा झोपून जातो, असाच मराठी माणसाचा अनुभव आहे. मग तुमच्या पत्रावर त्यांनी तेलाची बाटली काढली तर नवल काय? एका परिभाषाप्रेमी मित्राने मला ‘प्रतिबलजन्य अस्थिभंग’ सुचवलं. ते वाचून पालक मुलीला थेट आयसीयूत नेतील.

आपल्याकडे शब्द आहे आणि तो रोजच्या बोलण्यातला आहे : पिचणे. काठी पिचते, बांबू पिचतो, काचेची बांगडी पिचते. पिचलेली बांगडी हातात दिसायला अखंडच असते. कासार मात्र ती दुसरीवर वाजवून बघतो, आवाज बद्द आला की बाजूला ठेवतो. दोन तुकडे झाले तर ते मोडणं. तुकडे न होता आतून जोर गेला तर ते पिचणं. तुमच्या विद्यार्थिनीच्या हाडाचं नेमकं हेच झालंय. सुरुवातीच्या दोन-तीन आठवड्यांत साध्या एक्स-रेत असं हाड बहुधा धडधाकट दिसतं, एमआरआयमध्ये ते पकडलं जातं.

आता खरी गंमत. सुश्रुताने हाड मोडण्याचे जे बारा प्रकार दिलेत, त्यात एक आहे ‘पिच्चित’. पिच्च् म्हणजे दाबणे, चेपणे. त्याचा पिच्चित म्हणजे चेपून पसरट झालेलं, खूप सुजलेलं हाड. मराठीने धातू घेतला आणि अर्थ हलका केला. पिचकारीही याच घरातली असावी असा माझा जुना संशय आहे. ओळखीचे एक वैद्य इथे त्याच बारांतलं ‘पाटित’ हवं म्हणून भांडतात, कारण त्यात बारीक बारीक चिरा असतात. असतील. पण पाटित म्हटलं की कोणत्या आईला काय कळणार आहे?

शिवाय पिचणेला आणखी एक अर्थ आहे, जो तडा किंवा चीर या शब्दांत नाही. बाई संसारात पिचते, शेतकरी कर्जाखाली पिचतो. एका घावाने नाही, रोजच्या ओझ्याने. स्ट्रेस फ्रॅक्चरही पडून होत नाही, पावलामागून पावलाने होतं. हाडाची डागडुजी सतत चालू असते, पण पेशी आधी झिजलेला भाग कोरून काढतात आणि मग भरतात. कोरायला साधारण तीन आठवडे लागतात, भरायला तीन महिने. त्या मधल्या काळात पळणं वाढवलं की हाड पिचतं.

पत्रात मी असं लिहीन :

‘स. न. वि. वि. सरावाचे दिवस तीनवरून सहा झाले, तेही डांबरी रस्त्यावर. त्यामुळे मुलीच्या नडगीचे हाड आतल्या कडेला पिचले आहे. वाढ माझ्या सांगण्यावरून झाली, ती चूक माझी. तिला एका बोटाने दाबल्यावर नाण्याएवढ्या एकाच जागी कळ येते. नुसते स्नायू दुखत असते तर नडगीभर वीतभर दुखले असते. ती जागा चोळू नये. दुखणे मारणारी गोळी देऊन पळवू नये, कारण कळ हीच आपली खूण आहे. सहा ते आठ आठवडे धावणे व उड्या बंद. चालताना दुखत नसेल तर चालणे चालेल, डॉक्टरांनी हो म्हटल्यास पोहणेही. पुढे चालताना व त्या जागी दाबताना अजिबात दुखेनासे झाले की एक मिनिट पळणे, दोन मिनिटे चालणे, असे सुरू करू. रात्री झोपेतही ठणकले किंवा नडगीच्या समोरच्या कडेला दुखू लागले तर लगेच डॉक्टरांकडे न्यावे. समोरची चीर भरायला फार वेळ घेते आणि कधी आरपार मोडते. तिची पाळी चुकत असेल किंवा जेवण कमी झाले असेल तर तेही त्यांना सांगावे.’

यात ‘विश्रांती’ मुद्दाम टाळलाय. त्याचा अर्थ एक घर अंथरूण घेतं, दुसरं फक्त रविवारची सुट्टी. काय बंद आणि काय चालू, ते क्रियापदांनी सांगावं.

आणि लिहिताना ‘नडगीला पिचले’ नको. नडगी पिचली, नाहीतर नडगीचे हाड पिचले.